खांदा 36चा, बाही 40ची

संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोच दहावीच्या वर्गात निरोप समारंभाची तारीख फिरू लागते. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात नाहीतर मार्चच्या सुरुवातीला असते, त्यामुळे शाळा हा कार्यक्रम जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उरकून घेतात. मुलींचे बहुधा ठरलेले असते. आईची, मावशीची, काकूची साडी निघते आणि घरातल्या तीन-चार बायका मिळून ब्लाउज, पिना, निऱ्या यांचा विचार करतात. मुलाचे तसे नसते. ‘काहीतरी चांगलं घाल’ एवढे सांगून घर मोकळे होते. मुलगा बोलका असेल तर मित्रांबरोबर दुकाने पालथी घालतो. अबोल मुलगा कपाटासमोर एकटाच उभा राहतो.

अशाच एका अबोल मुलाची ही गोष्ट आहे. त्याला आपण ओंकार म्हणू. मुलगा कल्पनेतला आहे, पण त्याची मापे, त्याचे कापड आणि शिंप्याच्या टेबलासमोरची त्याची अडचण हे सारे खरे आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे शर्ट शिवणाऱ्या कोणत्याही टेलरला ते ओळखीचे वाटेल.

ओंकार इचलकरंजीचा. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून गावाचा दिवस मागांच्या खडखडाटात उगवतो आणि मावळतो. ओंकारचे वडील मागावर काम करतात. मुलाची उंची 5 फूट 8 इंच. आठवीत असताना तो वर्गात मधल्या बाकावर बसायचा, आता शेवटच्या बाकावर बसतो आणि आपण कमी उंच दिसावे म्हणून खांदे पुढे घेऊन चालतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका रात्रीत ठरले की मुलांनी काळे ब्लेझर घालायचे. चाळीस जणांनी अंगठे दाखवले. ओंकारने संदेश वाचला आणि फोन पालथा ठेवला.

ब्लेझर त्याच्याकडे नव्हता. आतेभावाकडे होता, एका लग्नात दोन तास घातलेला. आत्याने तो आनंदाने पाठवून दिला. ओंकारने दार लावून तो अंगात घातला तेव्हा आरशात ब्लेझर आधी दिसत होता आणि मुलगा नंतर. हे असे का वाटते, हे त्याला सांगता येत नव्हते. पण ते तपासायची एक सोपी रीत आहे. ब्लेझर घालून भिंतीला बाजूने टेकून उभे राहायचे. आधी दंड भिंतीला लागला तर खांदा बरोबर आहे. दंडाच्या आधी खांद्यातले पॅड लागले, तर खांदा मोठा आहे. ओंकारचे पॅड दंडाच्या बरेच आधी भिंतीला लागले.

ब्लेझरच्या बाबतीत इथेच विषय संपतो, कारण त्याचा खांदा सहजासहजी दुरुस्त होत नाही. बाजूच्या शिवणी आत घेता येतात, बाही आखूड करता येते, बटण सरकवता येते. खांदा लहान करायचा तर बाही उसवायची, आतले पॅड, कॅनव्हास आणि अस्तर सोडवायचे आणि सगळे नव्याने बसवायचे. पुष्कळ टेलर ते काम घेतच नाहीत. भाड्याने मिळणाऱ्या ब्लेझरचीही हीच गत. दुकानदार मागून एखादी पिन मारून कंबर आवळून देतो, खांदा होता तसाच राहतो.

मग रेडीमेड शर्ट. आईबरोबर ओंकार दुकानात गेला. 36 नंबरचा शर्ट खांद्याला नीट बसला, पण बाही मनगटाच्या हाडावर दोन बोटे राहिली. दुकानदाराने 38 काढून दिला. बाही जरा खाली आली, तरी हात पुढे केला की कफ वर सरकायचा. 40 नंबरच्या शर्टात बाही पोचली, मात्र खांद्याची शिवण दंडावर उतरली आणि छातीवर कापडाच्या उभ्या घड्या पडल्या. दुकानदार म्हणाला, “वाढत्या अंगाचा आहे, मोठाच घ्या.” ओंकार काहीच बोलला नाही. आईला वाटले त्याला रंग आवडला नसेल.

या वयात जवळजवळ प्रत्येक उंच मुलाचे असेच होते आणि त्याला शरीरवाढीचे कारण आहे. जेम्स टॅनर या ब्रिटिश डॉक्टरांनी 1948पासून हार्पेंडन इथल्या मुलांची वर्षानुवर्षे मापे घेतली. मुले कोणत्या क्रमाने वाढतात याची आज जी माहिती आहे, तिचा मोठा भाग त्या नोंदींवर उभा आहे. मुलग्यांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. ऐन भरात ती वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही वाढू शकते. पण सगळे अंग एकदम वाढत नाही. आधी हात आणि पावले मोठी होतात, मग पिंढऱ्या आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, त्यानंतर मांड्या आणि दंड. धड काही महिन्यांनी वाढीला लागते. छाती भरणे आणि खांदे रुंदावणे हे सगळ्यांत शेवटी, पुष्कळदा कॉलेजात गेल्यावर.

म्हणजे दहावीतल्या ओंकारचे हात जवळजवळ पुऱ्या माणसाचे आहेत आणि धड अजून मुलाचे. रेडीमेड शर्टाचा नंबर छातीवर ठरतो. छाती वाढली की त्या प्रमाणात खांदा आणि बाही वाढली असणार, असे धरून कारखान्यात कापड कापले जाते. मोठ्या माणसांच्या बाबतीत हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. ज्याचा खांदा 36चा आणि बाही 40ची आहे, त्याच्यासाठी त्या मांडणीत शर्टच नाही. दोष मुलाच्या अंगाचा नाही आणि दुकानदाराचाही नाही. पण ट्रायल रूममध्ये एकट्या उभ्या असलेल्या मुलाला हे कोण सांगणार? त्याला वाटते, आपल्यालाच काही बसत नाही.

घरी आल्यावर ओंकारने आईला सांगून टाकले की तो कार्यक्रमाला जाणार नाही. अभ्यास आहे. आईने वाद घातला नाही. रात्री वडील पाळीवरून आल्यावर तिने त्यांच्या कानावर घातले. वडिलांनी जेवण होईपर्यंत काही विचारले नाही. मग म्हणाले, “कापड आणून शिवूया की. रेडीमेड कशाला पायजे?” ओंकारने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यालाही ठरवता आले नसते.

सगळे आपल्याकडेच बघतील या भीतीचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 साली लिहिले की किशोरवयातली मुले मनातल्या मनात एक प्रेक्षकवर्ग उभा करतात आणि तो सतत आपल्याकडे पाहतो आहे असे धरून वागतात. पुढे 2000 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला. त्या वयात तो घालणे लाजिरवाणे वाटावे, म्हणून मुद्दाम तो निवडला होता. मग त्या मुलाला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले आणि थोड्या वेळाने बाहेर बोलावून विचारले, किती जणांच्या लक्षात आले असेल? मुलांचा अंदाज होता, जवळजवळ निम्म्यांच्या. खोलीतल्यांना विचारल्यावर कळले की चौथा हिस्साही भरत नव्हता. संशोधकांनी पुढे उलटा प्रयोगही केला. या वेळी मुलांनी मिरवायला आवडेल असा टी-शर्ट निवडला. अंदाज पुन्हा निम्म्यांच्या आसपास आला. लक्षात राहिला होता दहातल्या एकाच्याही नाही.

हा प्रयोग वाचून ‘तुझ्याकडे कोणी बघत नाही, काहीही घाल’ असे मुलाला सांगावेसे वाटते. पण मला ते अपुरे वाटते. प्रयोगातले प्रश्न कपड्यावरच्या चित्राबद्दल होते. आखूड बाहीचा त्रास बघणाऱ्याला होत नाही, घालणाऱ्याला होतो. तीन तासांच्या कार्यक्रमात मुलगा पुन्हा पुन्हा कफ खाली ओढतो, खांद्यावरून सरकणारा शर्ट जागेवर आणतो, कॉलरमध्ये बोट घालतो. त्याचे निम्मे मन तिकडेच राहते. शर्ट आखूड आहे हे कोणाच्या ध्यानात येत नसले, तरी सतत चाळवाचाळव करणारा मुलगा ध्यानात येतो. म्हणून लाजाळू मुलाच्या कपड्यात रंग, फॅशन, ब्लेझर हे सगळे नंतरचे आहे. आधी पाहायची ती मापे, म्हणजे अंगावर चढवल्यावर ज्याचा विसर पडेल असा कपडा मिळतो.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दुकानातून शर्टाचे कापड आणले. गडद निळे, जवळजवळ नेव्ही, सुती पॉपलिन. रंग त्यांनी ओंकारला विचारून ठरवला होता आणि त्या विचारण्यात ओंकारने एकच अट घातली होती. घाम दिसता कामा नये. ही अट ऐकून हसू नये. या वयात काखेतल्या ग्रंथी नव्याने कामाला लागलेल्या असतात आणि भीतीने येणारा घाम तिथेच अधिक येतो. त्यातून फेब्रुवारीत इचलकरंजीला दुपारचे ऊन चांगलेच तापते आणि शाळेच्या हॉलमध्ये तीनशे मुले बसलेली असतात. ओल सर्वांत ठळक उठून दिसते ती आकाशी, राखाडी आणि फिक्या गुलाबी रंगावर, कारण ओले कापड दोन छटा गडद होते. पांढऱ्यावर आणि खूप गडद रंगावर तो फरक डोळ्यांत भरत नाही. कापड मात्र सुतीच हवे. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, तो अंगावरच राहतो आणि पाठीला शर्ट चिकटतो. आत पातळ सुती बनियन घातले तर पहिला घाम तेच टिपते.

कापड 1.75 मीटर आणले होते, 58 इंच पन्ह्याचे. एरवी शर्टाला 1.6 मीटर पुरते. 15 सेंटिमीटर जादा का, असे आईने विचारले तेव्हा वडील म्हणाले, “आटणार न्हवं का. भिजवल्याशिवाय टेलरला द्यायचं न्हाई.” मागावर उभे राहणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. ताण्याचे सूत बीमवर घट्ट ताणलेले असते, पुढे धुलाई-रंगाईतही कापड लांबीच्या दिशेने ओढले जाते. पाण्यात पडले की सूत तो ताण सोडते आणि मूळ लांबीकडे परत येते. म्हणून सुती कापड पन्ह्यापेक्षा लांबीत जास्त आटते. तीन-चार टक्के म्हटले की काहीच वाटत नाही. पण साडेचोवीस इंचांच्या बाहीत चार टक्के म्हणजे जवळजवळ एक इंच होतो. न भिजवता शिवलेली बाही पहिल्या धुण्यानंतर पुन्हा मनगटावर चढते आणि सगळा खटाटोप वाया जातो. आईने कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवले, न पिळता सावलीत दोरीवर टाकले आणि किंचित दमट असताना इस्त्री केली. मोजल्यावर ते पाच-सहा सेंटिमीटर आखूड भरले.

पँट शिवायची नाही असे ठरले आणि तो निर्णय शहाणपणाचा होता. शिलाईचे पैसे तिथे घालावेत, जिथे रेडीमेड कपडा नंतर दुरुस्त होत नाही. शर्टाचा खांदा आणि बाहीची लांबी यांना नंतर हात लावता येत नाही. पँटीची कंबर मागच्या शिवणीतून आत घेता येते, लांबी कमी करता येते, मोहरी अरुंद करता येते. ओंकारची कंबर 28 आणि पाय लांब. त्याला 30 कमरेची राखाडी पँट घेतली, कारण तिची लांबी पुरत होती. कंबर दोन इंच आत घेतली. याहून जास्त घेऊ नये. मागचे दोन खिसे एकमेकांच्या जवळ येतात आणि पँट दुसऱ्याची असल्यासारखी दिसते. बूट शाळेचेच, काळे. पाऊल आधी वाढते म्हणून दिवाळीतच नवे घ्यावे लागले होते, त्यामुळे तो प्रश्न निघालाच नाही.

टेलरकाकांचे दुकान बोळात आहे, दोन मशीन आणि एक टेबल. पौष संपून लग्नसराई सुरू झाली की त्यांच्याकडे पंधरा दिवस मान वर करायला सवड नसते. म्हणून ओंकारच्या वडिलांनी संक्रांतीच्या आठवड्यातच कापड नेऊन दिले. ओंकार मागे उभा होता.

लाजाळू मुलाचे माप घेणे अवघड असते. टेप अंगाला लागला की तो श्वास रोखतो, पोट आत घेतो आणि एकदम ताठ होतो. त्या ताठ अंगाचे माप घेतले तर शर्ट ताठ मुलाचा होतो. घालणार मात्र वाकून चालणारा मुलगा. जाणते टेलर म्हणून घाई करत नाहीत. काकांनी आधी वडिलांशी सुताच्या भावाबद्दल बोलणे काढले. ओंकार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला आणि त्याचे खांदे हळूहळू आपल्या नेहमीच्या जागी, पुढे आले. तेव्हा काका टेप घेऊन मागे गेले.

“मान खाली नको घालू. समोर बघ. हां, असाच.” ताठ राहा असे ते एकदाही म्हणाले नाहीत.

छाती 33, खांदा 16, गळा 14. गळ्याचे माप घेताना टेपच्या आत दोन बोटे घातली. बाहीचे माप त्यांनी हात सरळ लोंबकळता ठेवून घेतले नाही. कोपर थोडे दुमडायला लावले आणि खांद्याच्या टोकापासून कोपरावरून मनगटाच्या हाडापर्यंत टेप नेला. हात वाकला की बाहीला जास्त लांबी लागते. सरळ हाताच्या मापाने शिवलेली बाही बक्षीस घ्यायला हात पुढे करताच वर पळते. साडेचोवीस.

मग पाठ. इथे खरी कारागिरी आहे. खांदे पुढे घेणाऱ्या माणसाची पाठ वरच्या बाजूला गोलावते, म्हणून मानेच्या हाडापासून खालपर्यंत तिला जास्त कापड लागते आणि पुढच्या बाजूला कमी. नेहमीच्या कापाचा शर्ट अशा अंगावर मागे ओढला जातो. कॉलर पुढून गळ्याला टोचते, मागे मानेपासून सुटते आणि शर्टाची मागची कड वर उचलली जाते. घालणाऱ्याला एवढेच कळते की काहीतरी गळ्याला लागते आहे. काकांनी पाठीची लांबी अर्धा इंच वाढवली, खांद्याची शिवण किंचित पुढे घ्यायची खूण वहीत केली आणि मागे मधोमध एक चुण धरली. हात पुढे गेल्यावर पाठीवर ताण येऊ नये म्हणून ती असते.

“काका, बाही जरा लांब ठेवा,” ओंकार म्हणाला. दुकानात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

“किती लांब?”

“म्हणजे… वर जायला नको.”

“न्हाई जात. अर्धा इंच सोडतोच. आन् कफच्या आत एक दुमड टाकून ठेवतो. जूनमध्ये उसवून दे आईला.”

त्या रात्री ओंकारने ग्रुपवर लिहिले, ‘मी ब्लेझर घालणार नाही. नेव्ही शर्ट.’ पुसले. पुन्हा लिहिले. ‘कारण’ असा शब्द टाकून पुढे वाक्य सुरू केले, तेही पुसले आणि पहिलेच तेवढे पाठवून दिले. दोघांनी अंगठा दाखवला. तिसऱ्याने विचारले की जेवणात पावभाजी आहे की पुलाव आणि सगळा ग्रुप तिकडे वळला.

शर्टाची ट्रायल सहसा कोणी घेत नाही, पण काकांनी कफ लावण्याआधी बोलावले. अंगावरच्या कपड्यातले दोष घड्यांवरून ओळखता येतात आणि ही गोष्ट प्रत्येक आईबापाला कळावी अशी आहे. बटणांपाशी आडव्या घड्या ओढल्यासारख्या दिसल्या तर शर्ट तंग आहे. उभ्या, ढिल्या घड्या पडल्या तर कापड जास्त आहे. तिरप्या घड्या सर्वांत उपयोगाच्या, कारण त्या जिथे रोख धरतात तिथेच ओढ असते. ओंकारच्या शर्टावर गळ्यापासून काखेकडे जाणारी एक तिरपी घडी होती. उजव्या बाजूला जास्त, डाव्या बाजूला जवळजवळ नाहीच. काकांनी दोन्ही खांद्यांवर हात ठेवून पाहिले. उजवा खांदा किंचित खाली होता. दप्तर एकाच खांद्यावर अडकवणाऱ्या मुलांमध्ये असे पुष्कळदा पाहिले आहे, ते म्हणाले. उजव्या खांद्याची शिवण पाव इंच उतरती घेतली, घडी गेली. कफाचे बटणही अर्धा इंच आत सरकवले, म्हणजे तो मनगटावर थांबेल, तळहातावर घसरणार नाही.

तयार शर्ट चार दिवस आधी हातात आला. हे चार दिवस महत्त्वाचे असतात. नवा शर्ट थेट कार्यक्रमाला घालू नये. सुती शर्टाला शिवल्यानंतर एक धुणे मिळाले की कॉलर आणि कफाचा कडकपणा जरा उतरतो आणि गडद रंगाचा सुटा अंश निघून जातो. नाहीतर निळे डाग बनियनवर आणि मानेवर उतरतात. धुऊन इस्त्री केल्यावर आईने ओंकारला तो घरात तासभर घालायला लावला. आरशासमोर फार उभे राहायचे नाही, नेहमीची कामे करायची. तो जेवायला मांडी घालून बसला, माळ्यावरची पेटी काढायला हात वर केले, सायकलवरून दुकानात जाऊन आला. हात वर केल्यावर शर्ट पँटीतून बाहेर आला की काही इंच खाली लांबी कमी आहे असे समजावे. तो आला नाही. सायकलवर पाठीला ओढ बसली नाही, मागची चुण उघडली. गळ्याचे बटण लावल्यावर बोट आत जात होते.

कार्यक्रमाच्या दिवशी ओंकारच्या वर्गात काळे ब्लेझर चाळीस नव्हते, पंचवीसच्या आसपास होते. काहींनी कुर्ते घातले होते, काहींनी साधे शर्ट. शिक्षकांची भाषणे झाली, दोन मुली रडल्या, पावभाजीच होती. ओंकारने भाषण केले नाही. त्याला करायचेही नव्हते आणि नव्या शर्टामुळे मुलगा बोलका होतो असे मी म्हणणार नाही. लाजाळूपणा हा त्याचा स्वभाव आहे, आजार नाही. त्याने खुर्च्या लावल्या, मित्राच्या शर्टावर पेनाने सह्या केल्या, आपल्या शर्टावर कोणाला करू दिल्या नाहीत. वर्गाच्या फोटोत उंच म्हणून त्याला मागच्या ओळीत बाकावर उभे केले. मागच्या ओळीतल्या मुलांचे छातीपासून वरचेच दिसते, कॉलर आणि खांदे. छायाचित्रकार ओरडला, “मागचे, खांदे सरळ!” तेव्हा ओंकार सरळ उभा राहिला आणि पाठीला अर्धा इंच जास्त कापड असल्याने मानेमागे हलकीशी एक आडवी चुणी पडली. ती फोटोत येत नाही. कापताना काकांना ही शक्यता ठाऊक होती. वाकून चालणारा मुलगा कधीतरी ताठ होईल, पण रोज आठ तास तो ज्या अंगाने वावरतो त्या अंगाचा शर्ट शिवायचा असतो, असे त्यांचे मत आहे. मला ते पटते.

जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाच्या धावपळीत आईने कफाआतली दुमड उसवली. बाही पाऊण इंच खाली आली आणि पुन्हा मनगटावर बसली. उसवलेल्या जागी एक गडद रेघ राहते, कारण दुमडीच्या आतल्या कापडाने ऊन पाहिलेले नसते. दोन-तीन धुण्यांत ती बरीचशी मिसळते. काकांनी बाजूच्या दोन्ही शिवणींतही पाऊण पाऊण इंच कापड सोडले आहे. पुढचे दोन आणि मागचे दोन असे चारही पदर उघडले की छातीत तीन इंच मिळतील. म्हणजे 33ची छाती 36 झाली तरी हरकत नाही. खांद्यात मात्र सोडायला जागा नसते, तिथे शिवण असते ती शेवटचीच. ओंकारचे खांदे आता रुंद व्हायला लागले आहेत आणि दिवाळीपर्यंत ते सोळा इंचांत मावणार नाहीत. त्याचा धाकटा भाऊ आठवीत आहे. त्याचे हात याच वर्षी लांब व्हायला लागले आहेत.